वक्त्याच्या परिचयात काय सांगायचं?

परिसंवादाचा विषय समजा ‘भूजल वाचेल ते कायद्याने की गावाच्या नियमाने?’ असा आहे आणि एक वक्ते आहेत हिवरे बाजारचे पोपटराव पवार. परिचय बहुधा २०२०च्या पद्मश्रीपासून सुरू होतो. सन्मान मोठाच, पण या प्रश्नावर त्यांचंच का ऐकावं, हे त्यातून श्रोत्याला कळत नाही.

त्यापेक्षा असं लिहावं: ‘दुष्काळी नगर जिल्ह्यातल्या या गावाचे ते अनेक वर्षं सरपंच होते. शेतीसाठी बोअरवेल घ्यायला ग्रामसभेने बंदी घातली. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतात, उरलेल्यावर पिकं ठरतात.’

वादाचा गाभा यात आला. स्वतःच्याच रानात बोअर घेऊ नको, असं शेतकऱ्याला सांगायचं आणि त्याने ते मानायचं, हे सगळ्यात अवघड काम. आणि तेच पवारांनी गावात राहून केलं.

मर्यादाही लिहावी. हा एका लहान गावाचा अनुभव आहे, शहराला तो जसाच्या तसा लागू होत नाही. कायद्याची बाजू मांडायला २००९चा महाराष्ट्र भूजल अधिनियम राबवताना अडचणी पाहिलेला अधिकारी शेजारच्या खुर्चीत हवा.