निरोपाचं भाषण: हसवायचं, पण कोणावर नाही

समजा, तुम्ही जर्मनीतल्या एखाद्या विद्यापीठात शिकता. तिथे मराठी मुलामुलींचा एक छोटा गट आहे. जुलै संपत आलाय, लेक्चर्स संपली आहेत आणि पुढच्या वर्गातले काही जण मास्टर्स पूर्ण करून बाहेर पडणार आहेत. गटातल्या ज्युनियर मुलांनी त्यांच्यासाठी पार्टी ठेवली आहे. जेवणाआधी कोणीतरी तीन मिनिटं मराठीत बोलायचं ठरलंय, आणि ते काम तुमच्याकडे आलंय. काय बोलायचं?

महाराष्ट्रातल्या कॉलेजांत या कार्यक्रमाला निरोप समारंभ म्हणतात. रोजच्या बोलण्यात ‘सेंड ऑफ’ हा शब्दही चालतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्यांच्या मागच्या वर्गाने निरोप द्यायचा, अशी तिथे पद्धत आहे. सगळ्यांची परीक्षा जवळपास एकाच वेळी संपते, त्यामुळे सगळा वर्ग एकत्र बाहेर पडतो.

जर्मनीत असं होतंच असं नाही. इथे मास्टर्सचा शेवट प्रबंधाने होतो, आणि तो प्रत्येक जण आपापल्या वेळी देतो. कोणी एप्रिलमध्ये, कोणी ऑगस्टमध्ये. म्हणून पार्टीत समोर बसलेले सीनियर सगळे एकाच जागी पोचलेले नसतात. एकाला नोकरी मिळालेली असते. दुसरीचा प्रबंध अजून लिहून व्हायचा असतो. तिसरा पदवी घेऊन नोकरी शोधत असतो. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला पदवीनंतर नोकरी शोधायला जर्मनीत जास्तीत जास्त 18 महिने राहण्याचा परवाना मिळतो. ते महिने तो मनात मोजत असतो.

आता विचार करा. तुम्ही माईकवर म्हणालात, “आमचा दादा पार्टीला उशिरा येतो आणि प्रबंधही उशिरा देतो!” सगळे हसतील. दादाही हसेल. पण त्याच्या पोटात काय होईल, हे तुम्हाला दिसणार नाही. चार लोकांसमोर तो उत्तरही देऊ शकणार नाही. त्याची वेळ बोलण्याची नाही, ऐकण्याची आहे.

इथे कोणी म्हणेल, “पण निरोप समारंभात थट्टा तर होतेच!” बरोबर आहे. मराठी कॉलेजांत ‘फिशपॉन्ड’ नावाचा खेळ असतो. मुलं चिठ्ठ्यांवर एकमेकांबद्दल एक-दोन ओळींच्या चेष्टा लिहितात. नाव लिहिणाऱ्याचं नसतं, ज्याची चेष्टा आहे त्याचं असतं. मग त्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचतात. जर्मनीतही याच्यासारखी एक गोष्ट आहे. कोणी डॉक्टरेट मिळवली की प्रयोगशाळेतले सहकारी त्याच्यासाठी पुठ्ठ्याची टोपी बनवतात. तिला डोक्टरहूट म्हणतात. त्या टोपीवर त्याच्या कामाच्या आणि सवयींच्या छोट्या-छोट्या खुणा चिकटवलेल्या असतात. हे दोन्ही खेळ आहेत, आणि खेळायला बसलेल्याला आपली चेष्टा होणार हे माहीत असतं. भाषण हा खेळ नाही. म्हणून फिशपॉन्ड करायचं असेल तर जेवणानंतर वेगळं करा. ते भाषणात आणू नका.

मग भाषण हलकंफुलकं कसं होणार? उपाय सोपा आहे. हसू सीनियरवर न टाकता स्वतःवर घ्यायचं. आपण या देशात नवीन आलो तेव्हा आपल्याला काहीच कळत नव्हतं. त्या गोंधळात भरपूर विनोद आहे. आणि त्या गोंधळातून आपल्याला बाहेर कोणी काढलं? सीनियरांनी. म्हणजे आपली फजिती सांगितली की त्यांची मदत आपोआप सांगून होते. वेगळं कौतुक करावं लागत नाही.

एक उदाहरण पाहू. “आमचे सीनियर खूप मदत करणारे आहेत” हे वाक्य खरं आहे, पण ते कोणत्याही कॉलेजात, कोणाबद्दलही बोलता येईल. “ताई सारखी स्वयंपाकघरातच असते” यात थट्टा आहे, आणि ती नकोशी आहे. आता हे वाक्य पाहा: “आमच्या घरात पीठ नव्हतं, तेव्हा ताईने आम्हाला जेवायला बोलावलं.” यात एक दिवस आहे, एक अडचण आहे आणि एक माणूस आहे. ऐकणाऱ्याला चित्र दिसतं.

असे प्रसंग दोनच घ्या. सावकाश बोललं तर तीन मिनिटांत साधारण तीनशे शब्द होतात, त्यात जास्त मावत नाही. समोर सहा सीनियर असतील आणि तुम्ही दोघांचीच नावं घेतलीत, तर उरलेले चौघं वाट पाहत राहतील. म्हणून एक तर सगळ्यांची नावं घ्या, नाहीतर कोणाचंच घेऊ नका. नाव न घेता ‘एक ताई’, ‘एक दादा’ म्हटलं तरी ज्याला कळायचं त्याला कळतं.

आता भाषेची एक गंमत. जर्मनमध्ये ‘वीर’ हा एकच शब्द आहे. मराठीत त्याचे दोन शब्द होतात: ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझ्याबरोबरचे, पण ऐकणारे त्यात नाहीत. ‘आपण’ म्हणजे मी, माझे आणि ऐकणारे, असे सगळे. “आम्ही जेवायला जातोय” असं कोणी म्हटलं, तर तुम्हाला बोलावणं नाही. “आपण जेवायला जातोय” म्हटलं, तर चप्पल घाला!

निरोपाच्या भाषणात हे दोन शब्द फार कामाचे आहेत. सुरुवातीला ज्युनियर ‘आम्ही’ असतात आणि सीनियर ‘तुम्ही’ असतात. शेवटाकडे येताना ‘आपण’ म्हणा. त्या एका शब्दाने दोन्ही गट एका बाजूला येतात. एरवी ताईला आणि दादाला तुम्ही ‘तू’ म्हणत असाल, तरी भाषणात ‘तुम्ही’च येईल, कारण समोर अनेक जण आहेत. जर्मनमध्ये ‘डू’चं ‘ईर’ होतं, तसंच.

हा नमुना वाचा. कोणता शब्द कुठे आलाय, तिकडे लक्ष द्या.

“नमस्कार! आज तुमचा निरोप समारंभ आहे, आणि आम्ही तुमचे ज्युनियर दोन शब्द बोलणार आहोत.

ऑक्टोबरमध्ये आम्ही या शहरात उतरलो, तेव्हा प्रत्येकाकडे दोन मोठ्या बॅगा, एक प्रेशर कुकर आणि भरपूर आत्मविश्वास होता. कुकर अजून आहे. आत्मविश्वास पहिल्याच रविवारी गेला. घरात दूध नव्हतं, पीठ नव्हतं, आणि बघावं ते दुकान बंद. आम्हाला वाटलं, संप आहे! त्या दिवशी तुमच्यातल्या एका ताईने आम्हा सहा जणांना पिठलं-भात खाऊ घातला. इथे रविवारी दुकानं बंदच असतात, हे तिने आमचं जेवण झाल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं, तर आम्हाला जेवताना लाज वाटली असती.

मग आली आनमेल्डुंग. नवीन घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद न्यायचा. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. एक दादा सकाळी सकाळी आमच्याबरोबर ऑफिसात आला. पण आमच्या वतीने तो बोलला नाही. म्हणाला, ‘तुम्हीच बोला. अडलं तर मी आहे.’ आम्ही बोललो. आमचं जर्मन ऐकून समोरच्या बाई लगेच इंग्रजीत बोलायला लागल्या. पण काम झालं!

आता तुमच्यापैकी कोणी इथेच राहील, कोणी दुसऱ्या गावी जाईल, कोणी घरी जाईल. कुठेही असलो तरी आपण एका स्वयंपाकघरात बसून जेवलेली माणसं आहोत. येत्या ऑक्टोबरमध्ये नवीन मुलं येतील. त्या पहिल्या रविवारी पिठलं आम्ही करू. तुमच्या हातची चव येईल, असं वचन देत नाही. पण दुकानांचं मात्र जेवणानंतरच सांगू.

तुम्ही निघालात, पण ‘जा’ असं आम्ही म्हणणार नाही. या!”

पाहिलंत? नोकरी, परवाना, प्रबंध, यातला एकही शब्द भाषणात नाही. “कोणी इथेच राहील, कोणी घरी जाईल” या वाक्यात प्रत्येकाला जागा आहे, आणि कोणती वाट चांगली, हे ते सांगत नाही. हसण्याच्या जागी प्रत्येक वेळी ज्युनियरच फजीत झाले आहेत.

शेवटचा ‘या’ मात्र नीट समजून घ्या. मराठी घरातून निघताना माणूस सहसा ‘जातो’ किंवा ‘जाते’ म्हणत नाही. ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हणतो. जाताना ‘जातो’ म्हणणं अशुभ मानतात, आणि ‘येतो’ म्हणजे पुन्हा येईन. घरातले लोकही पाहुण्याला ‘या’ म्हणतात. दार उघडतानाही ‘या’, आणि निरोप देतानाही ‘या’. ‘निरोप’ या शब्दालाही दोन अर्थ आहेत. एक म्हणजे निघणाऱ्याला दिलेली रजा, आणि दुसरा म्हणजे कोणाला पाठवलेला संदेश. “आईला माझा निरोप सांग” यातला निरोप दुसरा. चांगल्या भाषणात दोन्ही असतात.

भाषण लिहून झालं की गटातल्या एका मित्राला मोठ्याने वाचून दाखवा. ऐकताना त्याने एकच गोष्ट बघायची: हे वाक्य आलं की सगळे वळून कोणा एकाच्या तोंडाकडे बघतील का? बघतील असं वाटलं, तर ते वाक्य काढा. ते कितीही मजेदार असलं तरी काढा.

आता तुम्ही करून पाहा

1. तुम्ही कुठेतरी नवीन होता, तेव्हाची तुमची एक फजिती तीन वाक्यांत लिहा. तिसऱ्या वाक्यात मदत करणारा माणूस येऊ दे.

2. रिकाम्या जागी ‘आम्ही’ किंवा ‘आपण’ लिहा. “ताई, ____ नवीन होतो तेव्हा तू ____ला जेवायला बोलावलंस. चल, आज ____ सगळे एकत्र जेवू.” मधल्या जागी शब्दाचं रूप बदलावं लागेल. कसं?

3. “दादा नेहमी सायकलची किल्ली हरवतो.” हे वाक्य असं बदला, की हसू तुमच्यावर येईल.