टीपीएम क्लिअर करण्यापूर्वी अठ्ठेचाळीस आकडे हाताशी ठेवा

शिरवळ औद्योगिक क्षेत्राच्या आसपास फॅब्रिकेशन, टर्निंग आणि पॅकिंगची छोटी कामे करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंकडे आता संगणक असतोच. बिले, ड्रॉइंग, उधारीची खाती सारे त्यातच असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला. तेव्हापासून जुने मशीन बदलणे, प्रोसेसर बदलणे, बायोस अपडेट करणे ही कामे दुरुस्तीवाल्याकडे वाढली असणार. या कामात 'टीपीएम क्लिअर करा' असा प्रश्न समोर येतो आणि बहुतेक जण विचार न करता होय म्हणतात.

टीपीएम ही संगणकातील एक छोटी तिजोरी समजावी. कधी ती मदरबोर्डवर वेगळी चिप असते, तर कधी प्रोसेसरमध्येच असते. तिच्यात आपल्या फायली नसतात, फायलींच्या कुलपाची किल्ली असते. क्लिअर केल्यावर टीपीएम आपले मूळ गुपित बदलते आणि आधी तिच्या भरवशावर बंद केलेली कोणतीही किल्ली पुन्हा उघडत नाही. डिस्कवरील एकही फाईल पुसली जात नाही, पण कुलूप तसेच राहते.

आता हे कुलूप आपण लावलेच नाही, असे कोणी म्हणेल. येथेच मेख आहे. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या 24H2 आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, अगदी Home आवृत्तीतही.

समजा, एका वर्कशॉपमधील रायझेन डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलला. चालू करताच काळ्या पडद्यावर सूचना येते की नवा प्रोसेसर बसवला आहे, fTPM रीसेट करायचे असल्यास Y दाबा, जुनी नोंद ठेवायची असल्यास N. दुरुस्तीवाला Y दाबतो. पुढच्या क्षणी निळा पडदा अठ्ठेचाळीस आकड्यांची रिकव्हरी की मागतो. ही की सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत असते. N दाबले असते तर जुना प्रोसेसर पुन्हा बसवून जुनी किल्ली परत मिळवता आली असती. Y नंतर तो मार्ग बंद.

ही की बहुधा त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. दुसऱ्या मोबाईलवरून aka.ms/myrecoverykey उघडावे आणि पडद्यावरील Key ID ची पहिली आठ अक्षरे जुळवून की घ्यावी. अडचण ही की पुष्कळदा संगणक विकणाराच आपल्या ईमेलवर खाते उघडून देतो. मग की त्याच्या खात्यात पडते. तो माणूस सापडला नाही, की कोठेही लिहून ठेवली नाही, तर खात्यांची उधारी त्या डिस्कमध्येच राहिली; मायक्रोसॉफ्टदेखील ती उघडून देऊ शकत नाही.

म्हणून दुरुस्तीला देण्यापूर्वी हे करावे. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून लिहावे:

```
manage-bde -status C:
manage-bde -protectors -get C:
```

पहिली ओळ डिस्क कुलूपबंद आहे की नाही ते सांगते, दुसरी अठ्ठेचाळीस आकडे दाखवते. ते कागदावर उतरवून गल्ल्यात ठेवावेत, त्याच संगणकात नव्हे. Home आवृत्ती असल्यास सेटिंग्जमधून Device encryption बंद करणे अधिक सोपे. मात्र डिस्क पूर्ण उघडेपर्यंत थांबावे, यास मोठ्या डिस्कवर तास-दोन तासही लागू शकतात. Pro आवृत्तीत BitLocker 'Suspend' करून, काम झाल्यावर 'Resume' करावे. मगच बायोसच्या Security भागातून किंवा विंडोजच्या `tpm.msc` मधून क्लिअर करावे. विंडोजमधून केल्यास मशीन पुन्हा सुरू होताना अनेकदा एखादी कळ दाबून खात्री करण्यास सांगते. हे हेतुपुरस्सर आहे, दुरून कोणी क्लिअर करू नये म्हणून.

कुलूप उघडले तरी काही गोष्टी बंद पडतात. विंडोजचा पिन चालत नाही, 'PIN isn't available' असे दिसते. खात्याच्या पासवर्डने आत जाऊन नवा पिन करावा. बोटाचा ठसाही नव्याने द्यावा लागू शकतो. कंपनीने दिलेल्या ऑफिस खात्यावर 80090016 हा क्रमांक दिसून टीपीएम बिघडल्याची तक्रार येऊ शकते. टीपीएम बिघडलेले नसते, जुनी नोंद निरुपयोगी झालेली असते. कंपनीच्या आयटीवाल्याकडून खाते पुन्हा जोडून घ्यावे. विंडोजमध्ये साठवलेल्या पासकीही जातात.

जीएसटी भरण्यासाठी लागणारी डिजिटल सहीची यूएसबी टोकन मात्र शाबूत राहते, कारण तिची किल्ली त्या टोकनमध्येच असते. जुना संगणक विकताना हाच बदल उलट उपयोगी पडतो: डिस्क कुलूपबंद असेल आणि विंडोजच्या 'Reset this PC' मधून सर्व काही काढून टाकून वर टीपीएमही क्लिअर केले, तर घेणाऱ्यास आपल्या खात्यांतील काही वाचता येणे फार कठीण.