पत्र्यावरचा दगड आणि खालून येणारा वारा

राजूरच्या परसात पावसाळ्याआधी पत्र्याची पडवी उभी करायची म्हटलं, की चर्चा पावसावरूनच सुरू होते. त्यात नवल नाही. पश्चिमेला घाटघर-रतनवाडी ही राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी, आणि तिथून पूर्वेला अकोल्याकडे येताना पाऊस झपाट्याने कमी होत जातो. राजूर या उतरणीच्या मधे बसलं आहे. म्हणून लोक वासा जाड निवडतात, पत्रा जाड मागतात आणि सगळं झाल्यावर पत्र्यावर दगड, जुने टायर, वाळूची पोती ठेवतात. या तिन्ही गोष्टींमागची समजूत एकच: छपरावर भार वरून येतो आणि वजनाने छप्पर जागच्या जागी राहतं. कौलांच्या बाबतीत ही समजूत बरोबर होती. पत्र्याच्या बाबतीत ती उलटी पडते, आणि वाशाचा आकार, पत्र्याची निवड, उतार, हूक या सगळ्या चुका तिच्यातूनच निघतात.

हिशोब करून पाहू. घराच्या मागच्या भिंतीला लागून १२ फूट लांब आणि भिंतीपासून ९ फूट पुढे येणारी एकपाखी पडवी धरा, वर १० फुटी पत्रे. म्हणजे छप्पर १२० चौरस फुटांचं. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस फुटाला साधारण अर्धा किलो भरतो. लाकडी वासे आणि रिपा धरून सगळं छप्पर १३० किलोच्या आसपास जातं. आता वारा. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक (८७५, भाग तिसरा) नाशिक आणि पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर, हा मूळ वेग धरतं. परसातल्या शेडसाठी आपण सौम्यपणे ताशी १०८ किलोमीटरचा झोत धरू. त्याचा दाब चौरस फुटाला ५ किलो होतो. उघड्या पडवीत वारा आत घुसून पत्रा खालून ढकलतो आणि वरून वाहणारा वारा त्याला वर ओढतो. दोन्ही मिळून जवळपास हा सगळा दाब वरच्या दिशेने लागू शकतो, कडांना आणि कोपऱ्यांना तर त्याहून जास्त. १२० चौरस फुटांना ६०० किलो. छपराचं वजन वजा केलं तरी पावणेपाचशे किलोची ओढ आकाशाकडे उरते. ती दगडांनी थोपवायची तर पत्र्यावर पावणेपाचशे किलो दगड हवेत. आठ-दहा दगड ठेवून काहीच साधत नाही. त्यांच्याखाली ओल धरून पत्रा गंजतो, आणि छप्पर उडालंच तर दगडही खाली कोसळतात.

यावर आक्षेप येतो की आजोबांच्या काळातली छपरं अशीच नुसती टेकवलेली होती आणि ती काही उडाली नाहीत. खरं आहे; पण ती कौलांची होती. मंगलोरी कौलं चौरस फुटाला चार किलोच्या घरात भरतात, खालच्या लाकडाचं वजन वेगळं. म्हणजे वर धरलेला वारा ते छप्पर बहुतांशी स्वतःच्या वजनानेच तोलतं. शिवाय कौलांच्या फटींतून हवा निसटते, त्यामुळे खालचा दाब साठत नाही. पत्रा आठपट हलका आणि सलग असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीकडे असंख्य घरांचे पत्रे उडाले ते याच कारणाने. चक्रीवादळ क्वचित येतं म्हणून निश्चिंत राहावं, तर मे महिन्यातला वळीव दरवर्षी येतोच, आणि तो पावसाच्या आधी वारा घेऊन येतो.

एकदा ओढ वरच्या दिशेची आहे हे मान्य केलं, की वजन कुठे हवं तेही ठरतं: खांबांच्या बुडाशी. एक फूट लांब, एक फूट रुंद, दोन फूट खोल खड्ड्यात भरलेलं काँक्रीट साधारण १३५ किलोचं होतं. ओढीचा निम्मा भाग भिंतीकडे जातो असं धरलं, तर पुढच्या बाजूच्या तीन खांबांवर मिळून अडीचशे किलोच्या आतबाहेर ओढ उरते; तीन खड्ड्यांचं काँक्रीट चारशे किलो होतं. कोपऱ्यांवरची जादा ओढही त्यात भागते. मात्र पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला आणि खांब काँक्रीटला पक्का जोडलेला असला, तरच हे वजन पत्र्यापर्यंत पोचतं. मधली एक जोडणी नुसत्या खिळ्यावर असेल, तर छप्पर तिथूनच सुटतं. म्हणून वासा तुळईवर नुसता टेकवून खिळा मारू नये; लोखंडी पट्टी वाशावरून वळवून दोन्ही बाजूंनी तुळईला बोल्ट करावी.

वाशाकडे वळू. जाड तो मजबूत, हा समज सुताराकडेही ऐकू येतो आणि चार बाय चारचा चौकोनी वासा घेतला जातो. वाकण्याला विरोध करण्यात रुंदीपेक्षा उंचीचा वाटा फार मोठा असतो: रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट. दोन बाय पाच इंचाचा वासा पाच इंचाची बाजू उभी ठेवून बसवला, तर तो चार बाय चारच्या वाशाइतकाच कमी वाकतो, आणि लाकूड लागतं जवळपास पाच-अष्टमांश. तोच वासा आडवा टाकला तर ताठपणा सहापटीने घटतो. आपल्या पडवीत चार-चार फुटांवर चार वासे टाकले आणि पत्र्यावर माणूस चढण्याचा, पालापाचोळ्याचा नेहमीचा भार धरला, तर ९ फुटांच्या गाळ्यात चांगल्या लाकडाचा दोन बाय पाच सुमारे एक सेंटिमीटर झुकतो. ते चालतं. दोन बाय चार त्याच्या दुप्पट झुकतो. तो लगेच मोडणार नाही, पण छपराला झोळ येतो आणि त्या झोळात पाणी रेंगाळतं. लोखंड घ्यायचं असेल तर ८० बाय ४० मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर जाडीचा पाइप उभा बसवला की तोच परिणाम मिळतो. ५० बाय ५० चा पाइप दिसायला भक्कम, पण या गाळ्याला अडीचपट झुकतो.

पत्र्याच्या जाडीबद्दलचा समज अर्धा खरा आहे. ०.३५ मिलिमीटरचा पत्रा पाय पडताच दबतो आणि हुकाभोवती लवकर फाटतो, म्हणून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा घेणं शहाणपणाचं. पण पाऊण मिलिमीटर घेऊन वाऱ्याचा प्रश्न सुटत नाही. चौरस फुटाला पाव किलो वजन वाढतं, आणि ओढ पाच किलोची आहे. सिमेंटच्या पत्र्याचंही तसंच. तो खाली थंड वाटतो आणि सव्वा किलोपर्यंत जड असतो, तरी हुकांवाचून टिकत नाही. वर तो ठिसूळ असतो, त्यावर चढलेला माणूस खाली पडू शकतो, आणि ॲस्बेस्टॉसचा असेल तर कापताना, भोक पाडताना उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक असते. परसातल्या लहान कामाला मी तो निवडणार नाही.

उताराबाबत दोन समज एकमेकांना पूरक ठरतात: पत्र्यावरून पाणी असंही घसरतं, आणि छप्पर सपाट ठेवलं की वारा कमी धरतं. सपाट छपरालाही ओढ लागतेच, तेव्हा दुसऱ्यात तथ्य नाही. पहिला समज वारा नसेल तोवरच खरा. राजूरला पाऊस पश्चिमेकडून वाऱ्यासोबत येतो. उतार कमी असेल तर पन्हळीतलं पाणी सावकाश जातं, पानं अडकली की तुंबतं, शेजारच्या पत्र्याखाली सरकतं, आणि वारा ते उलटं भिंतीकडे ढकलतो. फुटाला एक इंच उतार इथे गळणारच. फुटाला अडीच इंच धरावा. आपल्या ९ फुटांना तो साडेबावीस इंच होतो: भिंतीकडे ९ फूट उंची असेल तर पुढे सात फुटांहून थोडी जास्त उरते, आणि १० फुटी पत्रा तुळईच्या पुढे नऊ-दहा इंच बाहेर येऊन पागोळ्या खांबांपासून दूर टाकतो. एकाच लांबीचा पत्रा घेतल्याने मधला आडवा जोडही टळतो. घराची वळचण खाली असेल तर पुढे डोकं आपटेल, हा आक्षेप योग्य आहे. तेव्हा पडवी नऊऐवजी सात फूट करावी, उतार कमी करू नये.

आता हूक. साधा खिळा लाकडात घट्ट बसलेला दिसतो, पण वाऱ्याची ओढ त्याच्याच दिशेने असते, आणि लाकूड सुकून आकसलं की पकड सैल होते. लाकडी रिपेला खालून कवेत घेणारा जे-हूक, किंवा लोखंडी पाइपात स्वतःच भोक पाडून बसणारा, रबरी वॉशरचा स्क्रू वापरावा. दर पत्र्याला प्रत्येक रिपेवर तीन, आणि कडेच्या पत्र्यांना व वळचणीच्या रिपेला त्याच्या दुप्पट. रिपा तीन-तीन फुटांवर असल्या, की मधल्या हुकावर पंधरा किलोच्या आसपास ओढ येते, जी तो सहज पेलतो. भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडावं. खोलगट भागात पाडलं तर सगळं पाणी त्या वॉशरवरून वाहतं. आवळायचं ते वॉशर पत्र्याला टेकून किंचित फुगेपर्यंतच. जास्त आवळलेलं रबर बाहेर निघून फाटतं, आणि पहिल्याच पावसात त्या हुकाखाली ओला डाग दिसतो. पत्रे टाकायची सुरुवात पूर्वेच्या टोकाकडून करावी, म्हणजे पश्चिमेचा पत्रा वर येतो आणि जोडाचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही.

भिंतीलगतच्या सांध्यावर सिमेंटचा वाटा ओढून काम संपलं असं मानतात. तीन मीटरचा पत्रा थंड पहाट आणि मे महिन्याची दुपार यांच्यात दीड मिलिमीटर लांबी बदलतो. सिमेंट तेवढं सरकत नाही, म्हणून वर्षभरात तडा जातो आणि भिंत आतून ओली होते. त्याऐवजी गिलाव्यात इंचभर खोल खाच पाडून वाकवलेल्या पत्र्याची पट्टी तिच्यात बसवावी आणि पडवीच्या पत्र्यावर सहा इंच मोकळी उतरू द्यावी.

यातलं बरंच भिंत पक्की आहे असं धरून सांगितलं. विटेची किंवा काँक्रीटची असेल तर दोन-दोन फुटांवर १२ मिलिमीटरचे बोल्ट पुरतात. मातीत रचलेल्या दगडी भिंतीत, आणि राजूर परिसरात अशी घरं अजून पुष्कळ आहेत, बोल्ट दगडासकट बाहेर येतो. तिथे भिंतीचा आधार सोडून द्यावा आणि तिच्या शेजारी, पाया सुटा ठेवून, आणखी तीन खांबांची रांग उभी करावी. पट्टी भिंतीत बसवली तरी ती फक्त पाणी अडवते. ओढ सगळी सहा खांबांवर जाते, आणि खड्डे मोजताना तसंच मोजावं.