छातीत दुखतंय : बोट दाखवलं की मूठ ठेवली?



डिसेंबर महिना म्हणजे आपल्याकडे केंद्राच्या क्रीडास्पर्धांची धावपळ. अशाच एका सरावात पाचवीतला एक मुलगा कबड्डीच्या मैदानातून बाजूला येऊन बसला. "मॅडम, छातीत दुखतंय," म्हणाला. छाती म्हटलं की आपल्याच छातीत धस्स होतं. मी विचारलं, कुठे? त्याने एक बोट उचललं आणि छातीच्या मधल्या हाडाच्या जरा डावीकडे नेमकं टेकवलं. "इथं. मोठा श्वास घेतला की टोचतं."

त्याची आई करंजाहून आली ती रडतच. आजी म्हणत होती, पोराला उसण भरली आहे, बाम चोळा. शेजारच्या कोणीतरी पायाळू माणूसही शोधून ठेवला होता! आम्ही मात्र त्याला आधी उरणच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला तपासताना जे समजावून सांगितलं, ते मी नंतर नीट वाचून काढलं. आज तेच तुम्हाला सांगते, आणि शेवटी माझ्याच एका चुकीबद्दलही सांगणार आहे.

आधी छातीचा पिंजरा डोळ्यांसमोर आणा. आपल्याला बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. त्यातल्या वरच्या सात समोरच्या चपट्या हाडाला, म्हणजे उरोस्थीला, थेट येऊन मिळतात. पण हाडाला हाड चिकटलेलं नसतं. मध्ये कूर्चेचा लवचीक तुकडा असतो, आपल्या कानाच्या पाळीच्या वर जसा कडक पण वाकणारा भाग असतो तसा. या कूर्चेमुळेच श्वास घेताना पिंजरा फुगू शकतो. या सांध्यांना ताण बसला, सूज आली की जे दुखणं होतं त्याला डॉक्टर कॉस्टोकॉन्ड्रायटिस म्हणतात. बहुधा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या सांध्यांत ते होतं. दुखऱ्या जागी बाहेरून फुगवटा दिसत असेल तर त्या प्रकाराला टिट्झे यांचं नाव आहे. या जर्मन शल्यचिकित्सकांनी १९२१ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं.

आमच्या मुलाला हे का झालं? त्याला आधी दोन आठवडे खोकला होता. प्रत्येक खोकल्याला पिंजऱ्याला हिसका बसतो. त्यावर कबड्डीतली ओढाताण, आणि दप्तर एकाच खांद्यावर. कारण सापडलं नाही असंही पुष्कळदा होतं, पण इथे ते समोरच होतं.

तपासायची रीत अगदी साधी आहे, पण तिच्यात एक मेख आहे. गळ्याखालच्या खळगीतून बोट मधल्या हाडावरून खाली आणलं की थोड्या अंतरावर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी येऊन मिळते. तिथून हाडाच्या कडेकडेने एकेक सांधा बोटाच्या टोकाने हलका दाबत खाली यायचं, आधी न दुखणाऱ्या बाजूने. (मूल मोठं असेल, विशेषतः मुलगी, तर तिलाच तिचं बोट दाबायला सांगावं.) आता मेख अशी की त्या जागी जोरात दाबलं तर कोणालाही थोडं दुखतंच. म्हणून "दुखतंय का?" असं विचारून काही कळत नाही. डॉक्टरांनी मुलाला विचारलं, "मैदानात दुखलं ते हेच का?" तिसऱ्या आणि चौथ्या सांध्यावर बोट येताच तो कळवळून म्हणाला, "हेच." दाबल्यावर तेच ओळखीचं दुखणं परत आलं तरच त्या तपासणीला अर्थ आहे.

त्यांनी छाती ऐकली, ताप बघितला, नाडी बघितली. सगळं ठीक होतं. मग सांगितलं की काही आठवडे कबड्डी बंद, शेक द्या, फार दुखलं तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. मुलांना ॲस्पिरिन मात्र मनाने कधीच द्यायचं नाही. आणि चोळायचं नाही, कारण सुजलेला सांधा दाबून दाबून आणखी चिडतो. त्याला पूर्ण बरं वाटायला जवळजवळ पाच आठवडे लागले. आई दर सोमवारी विचारायची, एवढे दिवस का? त्याचं उत्तर हिशेबात आहे. मूल मिनिटाला साधारण २० श्वास घेतं, म्हणजे दिवसाला २८,८०० वेळा तो सांधा हलतो. मोडलेल्या हाताला प्लॅस्टर घालून विश्रांती देता येते, बरगडीला कशी देणार? त्यातून कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती सावकाशच भरून येते.

मुलांमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. वर्गात वाकून लिहिता लिहिता एकदम सुई टोचल्यासारखी कळ येते, मूल श्वास रोखून धरतं आणि काही सेकंदांत, फार तर दोन-तीन मिनिटांत, ती आपोआप जाते. इथे दाबून काही दुखत नाही. हाही प्रकार निरुपद्रवी आहे.

आता हृदयाच्या दुखण्याकडे येऊ. त्याचं वेगळेपण मज्जातंतूंमध्ये आहे. छातीच्या भिंतीतले तंतू मेंदूला नेमका पत्ता कळवतात, म्हणून माणूस एक बोट ठेवून जागा दाखवतो. हृदयाकडून येणारे तंतू मज्जारज्जूच्या ज्या भागात शिरतात, त्याच भागात हाताच्या आतल्या बाजूचे आणि छातीचेही तंतू शिरतात. मेंदूला कळतच नाही की हाक कुठून आली. म्हणून हृदयाचं दुखणं पसरट असतं, डाव्या हातात, दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणवतं. विचारलं तर माणूस बोट दाखवत नाही, मूठ किंवा सगळा पंजा छातीवर ठेवतो.

आपली मराठी या बाबतीत फार उपयोगी आहे. बरगडीचं दुखणं सांगताना लोक म्हणतात टोचतंय, चमक निघते, उसण भरली. हृदयाचं सांगताना म्हणतात आवळल्यासारखं होतंय, दाटून आलंय, छातीवर धोंडा ठेवलाय. पुष्कळजण तर "दुखत नाहीये, नुसतं दडपण आहे" असंच म्हणतात. जिना चढताना येतं आणि थांबलं की जातं, हे हृदयाचं लक्षण. कूस बदलली, हात मागे नेला, शिंकलं की कळ येते, हे भिंतीचं. पण नुसतं "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पिऊन बसणारे आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. मधुमेह असलेल्यांना, वयस्करांना आणि बऱ्याच बायकांना छातीत फारसं दुखतही नाही. दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं, गळून जायला होतं, एवढंच.

मुलांच्या छातीतलं दुखणं बहुतेक वेळा हृदयाचं नसतं. तरी काही मुलांना लगेच दाखवायलाच हवं : पळत असताना दुखलं आणि चक्कर आली किंवा शुद्ध हरपली, छातीत फार धडधडतं, जन्मापासून हृदयाचा काही आजार आहे किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं आहे. असं मूल परत मैदानात पाठवू नका. आणि मोठा श्वास घेतल्यावर दुखणं म्हणजे बरगडीच, असंही नाही. ताप आणि खोकला असेल तर न्यूमोनिया असू शकतो. एकदम एका बाजूला कळ येऊन दम लागला तर फुफ्फुसाबाहेर हवा साठलेली असू शकते. मोठ्या माणसांत फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तरी श्वासाबरोबर टोचतं. दुखण्यासोबत दम लागत असेल तर दाबून बघत बसायचंच नाही.

आता माझी चूक. त्या मुलाच्या प्रसंगानंतर मी पालकसभेत हे सगळं उत्साहाने सांगितलं, आणि शेवटी एक वाक्य बोलून गेले, "दाबलं की दुखतंय ना, मग हृदयाचं नाही." वाक्य सोपं होतं, लक्षात राहणारं होतं. तिथेच घोटाळा झाला.

त्या सभेला एक वडील होते, वय ४४, बंदरावर ट्रेलर चालवतात. काही महिन्यांनी एका पहाटे त्यांच्या छातीत दाटून आलं, घाम फुटला. त्यांनी छाती दाबून बघितली, दुखलं. "मॅडमनी सांगितलंय, हृदयाचं नाही," म्हणून ते पडून राहिले. सकाळी त्यांच्या पत्नीचा मला फोन आला. मी घामाचं ऐकलं आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता १०८ ला फोन करा, त्यांना चालायला लावू नका, गाडीही चालवू देऊ नका. ईसीजी काढला तेव्हा हृदयविकाराचा झटका होता. तिथून पनवेल, मग अँजिओप्लास्टी. ते वाचले, पण घरी पडून राहण्यात जवळजवळ चार तास गेले. रक्तवाहिनी बंद असते तोवर हृदयाचा स्नायू मरत राहतो, आणि मेलेला परत येत नाही. आज त्यांना जिना चढताना दम लागतो.

दाबल्यावर दुखणं म्हणजे हृदयाची शक्यता कमी होते, संपत नाही. खरोखर झटका आलेल्या काही जणांनाही छाती दाबली की दुखतं. आणि एका माणसाला एकाच वेळी दोन दुखणी असायला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून मी आता सभेत दाबायची गोष्ट फक्त मुलांपुरती सांगते, तीही डॉक्टर काय करतात ते कळावं म्हणून. तिशी-पस्तिशीच्या पुढच्या माणसाला नवीनच छातीत दुखलं, त्यातून साखर, रक्तदाब, तंबाखू-विडी असेल, तर आधी ईसीजी, बोट नंतर. पहिला ईसीजी साफ आला तरी डॉक्टर थोड्या वेळाने परत काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन बघतात, कारण सुरुवातीला दोन्ही फसवू शकतात. तेव्हा "ईसीजी नॉर्मल आला, चला घरी" अशी घाई आपण करायची नाही.

त्यांना दाबल्यावर का दुखलं, हे मी नंतर विचारलं. आदल्या दिवशी त्यांनी मालाचे पट्टे आवळले होते, छातीचे स्नायू भरून आले होते. अँजिओप्लास्टीनंतर दडपण गेलं. दाबलेली जागा मात्र पुढे दोन आठवडे तशीच दुखत होती.