गेटपासून चालत दहा मिनिटं

पुण्याहून नाशिक रस्त्याने निघालं की भोसरी, मोशी मागे टाकून साधारण तीस किलोमीटरवर चाकण लागतं. एकेकाळी हे गाव ओळखलं जायचं ते कांद्याच्या बाजारासाठी आणि शाइस्ताखानाला झुंजवणाऱ्या संग्रामदुर्गासाठी. बजाजचा कारखाना इथे 1999मध्ये सुरू झाला. पुढच्या दहा-बारा वर्षांत मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्र आले आणि एमआयडीसीचे टप्पे वाढत गेले. 2015मध्ये चाकणला नगरपरिषद मिळाली. मात्र वसाहतीचा मोठा भाग महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, खालुंब्रे, सावरदरी, वासुली अशा गावांच्या हद्दीत पसरलेला आहे. तिथला कारभार ग्रामपंचायतीकडे आहे आणि कामगारही प्रामुख्याने याच गावांत राहतो.

इथे रोजगार कसा तयार होतो, ते आधी पाहू. गाडी जोडणारा मोठा कारखाना सगळे सुटे भाग स्वतः बनवत नाही. सीट, वायरिंग, प्लास्टिकचे भाग, दाबून काढलेले पत्र्याचे भाग हे पुरवठादारांकडून, म्हणजे ‘व्हेंडर’कडून येतात. ते भाग गोदामात साठवून ठेवायचे नाहीत, लाइनवर लागतील तसे मागवायचे, अशी पद्धत असल्यामुळे व्हेंडरला मोठ्या कारखान्याजवळच शेड टाकावी लागते. त्या व्हेंडरलाही साचे, नट-बोल्ट, पॅकिंग पुरवणारे लहान कारखाने असतात. म्हणून एका मोठ्या गेटच्या आत जितकी माणसं काम करतात, त्याहून कितीतरी अधिक माणसं त्याच्या आसपासच्या शेडमध्ये असतात.

ही माणसं एकाच प्रकारच्या नोकरीत नसतात. वरच्या थरात ‘पर्मनंट’ कामगार असतो. त्याला युनियन असते, पगारवाढीचा करार असतो, कँटीन असतं आणि कंपनीची बसही मिळते. त्याच्याखाली ट्रेनी आणि अप्रेंटिस येतात, ज्यांचा काळ ठरलेला असतो. सगळ्यात खाली ठेकेदाराचा कामगार. काही महिन्यांनी त्याला ‘ब्रेक’ मिळतो आणि तो दुसऱ्या गेटवर उभा राहतो. लातूर, नांदेड, बीड, यवतमाळ, बुलढाणा इथून आयटीआय किंवा बारावी करून आलेली मुलं, तसंच बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली मुलं बहुधा या दोन खालच्या थरांत असतात. राहायचं कुठे आणि कामावर जायचं कसं, हे नोकरीच्या थरावरच ठरतं.

पर्मनंट कामगाराला बस मिळते, त्यामुळे तो पिंपरी-चिंचवडला, आळंदीला किंवा राजगुरुनगरला घर घेऊ शकतो. ठेकेदाराच्या कामगाराला अनेक ठिकाणी ही सोय नसते. त्याचा हिशेब एका उदाहरणाने मांडू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. समजा, त्याच्या हातात महिन्याला सोळा हजार रुपये पडतात आणि तो भोसरीत राहतो. कामाला जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर होतात. मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर देते आणि पेट्रोल 105 रुपये लिटर आहे. म्हणजे दिवसाला 84 रुपये, सव्वीस दिवसांचे जवळपास 2,200. शिवाय गाडीचा हप्ता आणि रोजचे किमान दोन तास. आता तोच मुलगा गेटपासून दहा मिनिटांवर खोलीत राहिला, तर? दहा बाय बाराची खोली पाच हजारांना, लाइटबिल सहाशे. चौघांत वाटले तर प्रत्येकी चौदाशे. भोसरीची खोली फुकट मिळाली, तरी ती चाकणच्या खोलीपेक्षा महाग पडते.

गेटजवळच्या खोल्यांचं भाडं चढं राहतं ते यामुळेच. चालत जाण्याच्या अंतरातली खोली पेट्रोलचे पैसे वाचवते. मालकाला ते कळतं आणि वाचलेल्या पैशातला काही हिस्सा तो भाड्यात मागून घेतो. रात्रपाळी सुटल्यावर झोपायला लवकर पोहोचता येतं आणि ओव्हरटाइमचा निरोप आला तर लगेच हजर होता येतं. या दोन गोष्टींचीही किंमत भाड्यात धरलेली असते.

मालक बहुधा गावचा शेतकरी असतो. जमीन संपादनात गेली, मोबदला हातात आला आणि गावठाणालगत काही गुंठे उरले. त्याचाही हिशेब मांडता येतो. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. त्यात दहा बाय बाराच्या सहा खोल्या बसतात. उरलेल्या जागेत जिना, बोळ आणि सामाईक संडास-बाथरूम. तळमजल्यावर दोन मजले चढवले की अठरा खोल्या होतात. पाच हजारांप्रमाणे सगळ्या भरल्या तर महिन्याला नव्वद हजार. एका गुंठ्यातला कांदा या आकड्याच्या आसपासही जात नाही. त्यामुळे खोल्या झपाट्याने उभ्या राहतात. पाणी आणि सांडपाणी मात्र त्या वेगाने वाढत नाही. ग्रामपंचायतीची पाणीयोजना गावकऱ्यांच्या संख्येवर आखलेली आणि भाडेकरू त्यांच्या कितीतरी पट. मग टँकर येतो, सेप्टिक टँक लवकर भरतो आणि सांडपाणी ओढ्याला जातं. बांधकाम रीतसर परवानगी घेऊन झालेलं नसेल, तर मालक भाडेकरार करायला कचरतो. करार नसला की भाडेकरूकडे राहत्या पत्त्याचा पुरावा नसतो. मग गॅसची जोडणी घेण्यापासून बँकेतला पत्ता बदलण्यापर्यंत सगळीकडे तो अडतो.

आता रस्त्याकडे वळू. चाकणच्या तळेगाव चौकात पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता एकमेकांना छेदतात. मुंबईच्या बाजूने, न्हावाशेव्याहून येणारे कंटेनर आणि अहिल्यानगर रस्त्याकडे जाणारे ट्रक इथे पुणे-नाशिकच्या वाहतुकीत मिसळतात. त्यात तयार गाड्या नेणारे लांबलचक ट्रेलर असतात आणि ठरल्या वेळी लाइनवर माल पोहोचवायचा असलेले व्हेंडरचे टेंपो असतात. शेकडो कारखान्यांच्या पाळ्या जवळपास एकाच वेळी बदलतात, तेव्हा कंपन्यांच्या बस, मोटारसायकली आणि रिक्षा याच चौकात येऊन पडतात. पीएमपीची बस मुख्य रस्त्याने धावते, पण थांब्यापासून आतल्या गेटपर्यंत बहुधा रिक्षा किंवा पायपीट असते. पाळ्यांच्या वेळा कंपन्यांनी आपापसांत अर्ध्या-अर्ध्या तासाने मागेपुढे केल्या, तर एक नवी वीट न लावता गर्दीचा टोक मोडू शकतो. मात्र व्हेंडरची पाळी मोठ्या कारखान्याच्या पाळीला बांधलेली असते; म्हणून सुरुवात मोठ्यांनाच करावी लागेल.

या सगळ्या व्यवस्थेचा कच्चा दुवा मंदीत उघडा पडतो. 2019मध्ये वाहनविक्री घसरली, तेव्हा कंपन्यांनी उत्पादनबंदीचे दिवस जाहीर केले. अशा वेळी पर्मनंट कामगाराची नोकरी टिकते. ठेकेदाराच्या मुलाला ब्रेक मिळतो आणि तो खोली सोडून गावी जातो. मालकाचं कर्ज तसंच राहतं, खानावळीचे डबे निम्म्यावर येतात. मंदी किती खोल आहे हे विक्रीच्या आकड्यांची वाट न पाहता कळतं: गेटजवळच्या चाळींवर ‘खोली भाड्याने देणे आहे’च्या पाट्या लागल्या, की खालचा थर हलला असं समजावं.

औद्योगिक कामगारांसाठी वसतिगृहासारखी भाड्याची घरं खासगी भागीदारीतून बांधण्याचा विचार केंद्र सरकारने 2024-25च्या अर्थसंकल्पात मांडला. चाकणसारख्या ठिकाणी अशी घरं उपयोगी पडायची, तर त्यांना दोन कसोट्या उतराव्या लागतील. ती गेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर हवीत, नाहीतर वाचलेलं भाडं पेट्रोलमध्ये जाईल. आणि खाटेचं भाडं चौघांत वाटून घेतलेल्या खोलीच्या वाट्याइतकंच हवं. त्याहून शे-दोनशे रुपये जास्त झाले, तरी घरी पैसे पाठवणारा मुलगा दहा बाय बाराच्या खोलीतच राहणं पसंत करेल.