झोपेतली नाडी आणि पायातला मोजा

पहिल्या तीन महिन्यांत झोपलेल्या बाळाची नाडी मिनिटाला साधारण ८० ते १६० असते. पुढे दोन वर्षांपर्यंत ७५ ते १६०. गाढ झोपेत ८८ दिसले, पण बाळ गुलाबी आहे आणि हलवल्यावर नीट जागे होते, तर घाबरायचे कारण नाही.

हा आकडा दाखवणारा, बाळाच्या पायात घालायचा मोजा पावलातून प्रकाश सोडून नाडी आणि ऑक्सिजनचा अंदाज घेतो. तो सैल झाला किंवा बाळाने पाय झाडला, की आकडा बिघडतो. अमेरिकेतल्या २०१८च्या एका तपासणीत दोन मोज्यांपैकी एकाने घसरलेला ऑक्सिजन एकदाही पकडला नाही. उलट नाडी चांगली असताना ती कमी दाखवली!

झोपेतला अचानक मृत्यू मोज्यामुळे टळतो, याला पुरावा नाही. ओठ निळे पडले किंवा बाळ मलूल झाले, तर आकडा काहीही असो, थेट रुग्णालय गाठावे.