अकाउंटंटच्या चुकीमुळे जीएसटीचा दंड? पत्रात नेमकं काय मागायचं

व्हिडिओत दाखवलेलं पत्र अनेकांनी मागितलं, पण ते जसंच्या तसं उतरवू नका. आधी प्रकरण समजून घ्या.

बॅचमधल्या एका हार्डवेअरवाल्यांनी २०२२ मध्ये दुकानाच्या नावावर कार घेतली. "बिल दुकानाचं आहे, क्रेडिट घ्या," असं तेव्हाच्या अकाउंटंटने सांगितलं. ९० हजारांचं क्रेडिट घेतलं आणि वापरलंही. पण स्वतःच्या वापराच्या कारवर कलम १७(५) नुसार क्रेडिट मिळतच नाही. २० महिन्यांनी नोटीस आली, तीही कलम ७४ ची, म्हणजे फसवणुकीच्या आरोपाची. त्यात दंड कराएवढाच, पूर्ण ९० हजार.

यांचं पहिलं पत्र असं होतं: "मी साधा दुकानदार, अकाउंटंटने फसवलं, माफ करा." वाचून वाईट वाटतं, पण अधिकारी यावर काय करणार? रिटर्नची जबाबदारी कायद्याने तुमचीच. व्याज माफ करणं त्यांच्या हातात नाही.

मग अकाउंटंटचा उल्लेख कशाला? हेतू दाखवायला. कलम ७४ ला फसवणूक किंवा मुद्दाम लपवाछपवी लागते. ती नसेल तर प्रकरण कलम ७३ मध्ये बसतं, आणि तिथे नोटिशीपासून ३० दिवसांत कर आणि व्याज भरलं तर दंड शून्य. (२०२४-२५ पासूनच्या वर्षांना कलम ७४ए लागतं, त्यात हीच मुदत ६० दिवस आहे.)

म्हणून आधी DRC-03 ने ९० हजार कर आणि १८ टक्क्यांनी २० महिन्यांचं २७ हजार व्याज भरलं. नंतर DRC-06 मधल्या उत्तरासोबत हे पत्र जोडलं:

"सदर क्रेडिट तत्कालीन अकाउंटंटच्या चुकीच्या सल्ल्यावरून घेतले गेले. त्यांचा संदेश सोबत जोडला आहे. कारचे बिल आमच्याच नावे असून ती ताळेबंदात दाखवलेली आहे. काहीही लपवलेले नाही. कर व व्याज भरल्याची पावती जोडली आहे. तरी प्रकरण कलम ७३ खाली धरून दंड न लावता बंद करावे, ही विनंती."

यात वजन आहे ते व्हॉट्सॲपच्या त्या जुन्या मेसेजला आणि ताळेबंदाला. नुसतं "त्याने सांगितलं होतं" म्हटलं तर कोण मानणार? अकाउंटंट सोडून गेला की चॅट डिलीट करणारे खूप आहेत, तसं करू नका राव.

आता धोका. कलम ७४ मध्येही ३० दिवसांत कर, व्याज आणि २५ टक्के दंड, म्हणजे इथे २२,५०० भरले की प्रकरण मिटतं. पत्रावर विसंबून ही मुदत गेली आणि अधिकाऱ्यांनी कलम ७४ च कायम ठेवलं, तर आदेशानंतर ३० दिवसांतही ५० टक्के, म्हणजे ४५ हजार. त्यामुळे मेसेज किंवा तसा लेखी पुरावा हातात नसेल, तर मी २२,५०० भरून मोकळा होईन.